सकाळची चेहऱ्यावरची सूज : मिठाचा हिशोब, उशाची उंची आणि गार पाण्याची पट्टी

सकाळी आरशात पाहिलं की डोळ्यांखाली फुगवटा, पापण्या जड, गालावर उशीचा वळ नेहमीपेक्षा खोल उमटलेला. दहा-अकरा वाजेपर्यंत सगळं आपोआप उतरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. सोलापुरात आहारसल्ल्याचं काम करताना ही तक्रार मला सतत ऐकायला मिळते. लग्नसराईत आणि सोमवारी सकाळी तर हमखास. बहुतेकांची मागणी एकच असते, सूज लगेच उतरवणारं काहीतरी सांगा. बर्फ लावू का, कुठलं क्रीम घेऊ?

या सुजेवर घरच्या घरी चालणारे उपाय तीनच आहेत : जेवणातलं मीठ, झोपण्याची पद्धत आणि गार पट्टी. तिन्ही खरोखर काम करतात, पण प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. मीठ कमी केल्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. उशाची उंची वाढवली तर त्याच रात्री फरक पडतो. गार पट्टी दहा मिनिटांत काम करते, पण तिचा असर तास-दीड तासापलीकडे फारसा टिकत नाही. लोक नेमकी शेवटच्या उपायाने सुरुवात करतात, तो टिकत नाही म्हणून कंटाळतात आणि मूळ कारणाकडे जातच नाहीत. म्हणून मी मिठापासूनच सुरुवात करते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं, हे आपल्याकडे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. मीठ जिथे असतं तिथे ते पाणी ओढतं. शरीरातही तेच घडतं. आपण खाल्लेल्या मिठातला सोडियम पेशींच्या आत फारसा जात नाही, तो पेशींच्या बाहेरच्या द्रवात आणि रक्तात राहतो. तिथलं खारेपण शरीर अगदी ठराविक पातळीवर राखतं. मीठ वाढलं की तहान लागते, आपण तांब्याभर पाणी पितो आणि ते पाणी मिठाच्या सोबतीला थांबतं. किडनी जादा मीठ लघवीतून बाहेर टाकत नाही तोवर ते पाणीही हलत नाही.

किती मीठ किती पाणी धरून ठेवतं, याचा अंदाज सलाईनच्या बाटलीवरून येतो. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनमध्ये मिठाचं प्रमाण शेकडा ०.९ असतं, कारण रक्ताच्या खारेपणाशी ते जुळतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. उलट बाजूने पाहिलं, तर एखाद्या रात्री आपण रोजच्यापेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त खाल्लं, की शरीर जास्तीत जास्त अर्धा लिटर पाणी काही काळ अंगात धरून ठेवू शकतं. साडेचार ग्रॅम म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. प्रत्यक्षात हे पाणी थोडं कमी भरतं, कारण किडनी लगेच कामाला लागलेली असते. पण रात्री किडनी मीठ बाहेर टाकण्यात संथ असते. दुपारच्या जेवणातल्या मिठाला बाहेर पडायला संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळतो. रात्री दहाला खाल्लेलं मीठ मात्र झोपेभर आपल्याबरोबर असतं.

हिवाळ्यात हुरड्याला गेलेल्या मंडळींना हा अनुभव असेल. सकाळपासून हुरडा, शेंगांची चटणी, खोबऱ्याची चटणी, मीठ-मिरची असं सगळं खाणं होतं, पण ते उन्हात, दिवसा, शेतात हिंडताना. त्या मानाने रात्रीच्या लग्नातलं जेवण दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर जास्त दिसतं.

आता प्रश्न असा की पाणी अंगभर वाढलं तर ते डोळ्यांभोवतीच का दिसतं? पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, जेमतेम अर्ध्या मिलीमीटरची. तिच्याखाली चरबीचा भक्कम थर नसतो, नुसतं सैल जाळीदार ऊतक असतं. पाठीत किंवा मांडीत दोन चमचे द्रव जास्त साठला तर कुणाला कळणारही नाही. पापणीत तेवढा साठला तर डोळा अर्धा मिटल्यासारखा दिसतो. शिवाय दिवसभर पापण्यांची उघडझाप चालू असते आणि तिथला द्रव पुढे ढकलला जातो. झोपेत ती थांबते.

मिठाचा हिशोब एका घरातल्या उदाहरणाने मांडते, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. माझ्याकडे आलेल्या एक ताई गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंगचं काम करतात, वय चाळिशीच्या आसपास. तक्रार अशी की सोमवारी सकाळी डोळे इतके फुगतात की बरोबरच्या बायका ‘रडलीस का गं?’ म्हणून विचारतात. मंगळवारी कमी, बुधवारी काहीच नाही. लघवीची, थायरॉइडची तपासणी आधीच झालेली आणि दोन्ही व्यवस्थित. आठवड्याचा वार धरून येणारी सूज म्हटल्यावर मी विचारलं, ‘रविवारी रात्री काय असतं जेवायला?’

‘मटण, दुसरं काय असणार मॅडम?’ त्या म्हणाल्या.

आम्ही ताट मांडून मोजलं. आमटी किंवा रस्सा तोंडाला बरोबर लागतो तेव्हा त्यात साधारण शेकडा एक भाग मीठ असतं. त्यांच्या ताटात काळ्या मसाल्याच्या मटणाच्या दोन वाट्या, म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम, तिथे तीन ग्रॅम मीठ. उडदाचे दोन पापड, मिळून एक ग्रॅमच्या जवळ. कैरीच्या लोणच्याची खारासकट एक मोठी फोड, आणखी एक ग्रॅम. शेंगांच्या चटणीचे दोन मोठे चमचे, पाऊण ग्रॅमच्या थोडं आत. भातात घातलेलं मीठ अर्धा ग्रॅम, कांद्या-लिंबावर भुरभुरलेली चिमूट पाव-एक ग्रॅम. बेरीज साडेसहा ग्रॅमच्या आसपास गेली. भाकरी बिनमिठाची होती, ती या यादीत आलीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असा आहे. ताईंच्या एका जेवणातच तो ओलांडला गेला होता. इतर दिवशी रात्री त्या दोन भाकरी, एक छोटी वाटी भाजी, थोडं वरण आणि अर्धा चमचा चटणी खातात, त्यात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ येतं. म्हणजे रविवारी साडेचार ग्रॅम जास्त, सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीइतकं. त्यांच्या घरी वजनकाटा होता. रविवारी आणि सोमवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायला सांगितलं. सोमवारचं वजन अर्ध्या ते पाऊण किलोने जास्त निघायचं आणि बुधवारपर्यंत उतरायचं. एका रात्रीत चढून तीन दिवसांत उतरणारं वजन चरबीचं नसतं. त्यात थोडा भाग पोटातल्या जड जेवणाचा, बाकीचं पाणी.

मटण बंद करायला मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी ते टिकलं नसतं. पापड आणि लोणचं रविवारच्या रात्रीतून काढून दुपारच्या जेवणात नेलं. भातात मीठ घालणं थांबवलं, कारण रश्शात कालवलेल्या भाताला ते लागतच नाही. कांद्यावर मिठाऐवजी नुसतं लिंबू. रस्सा दोन वाट्यांऐवजी दीड वाटी. चटणी तशीच ठेवली, सोलापूरच्या माणसाच्या ताटातून शेंगांची चटणी काढायला माझी तयारी नाही. एवढ्यावर साडेसहाचे तीन-सव्वातीन ग्रॅम झाले. शिवाय जेवण दहाऐवजी आठच्या सुमाराला, म्हणजे झोपायच्या आधी अडीच-तीन तास मोकळे. सोमवारची सूज गेली नाही, पण कामावर पोचेपर्यंत उतरू लागली. बाकीचा फरक उशाच्या उंचीने पडला, तो पुढे सांगते.

तुमच्या घरात एकूण किती मीठ जातं हे शोधायला ताट मोजायचीही गरज नाही. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका. चार माणसांच्या घरात ती पंचवीस दिवसांत संपली, तर १००० भागिले ४, भागिले २५, म्हणजे माणशी दिवसाला दहा ग्रॅम. ५ ग्रॅमच्या हिशोबाने तीच पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. लोणचं घालायचा महिना यातून वगळा, भाज्या-फळं मिठाच्या पाण्यात धुण्याची सवय असेल तर तेही लक्षात घ्या. आणि या आकड्यात शेव, फरसाण, पाव, बिस्किटं, पाकिटातले नूडल्स यांचं मीठ धरलेलंच नाही, ते वरून येतं. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. शंभर ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिला असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झालं.

सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरायला लागल्यावर सूज जाईल का, हे हमखास विचारलं जातं. नाही जाणार. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं आणि ते नेहमीच्या मिठाइतकंच पाणी धरून ठेवतं. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळतं त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. निरोगी माणसाला ते चालतं. पण किडनीचा आजार असणाऱ्यांनी, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तात पोटॅशियम वाढणं हृदयासाठी धोक्याचं असतं.

उलट बाजूची एक चूकही मी पाहिलेली आहे. चेहरा फुगतो म्हणून काहीजण पाणीच कमी पितात. त्याने काहीच साधत नाही, मीठ तिथेच राहतं आणि ते बाहेर न्यायला किडनीला पाणी लागतंच. तसंच एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना मागावर, भट्टीसमोर किंवा शेतात घाम गाळणाऱ्या माणसाने मीठ एकदम तोडू नये. एक लिटर घामाबरोबर एक ते तीन ग्रॅम मीठ जाऊ शकतं. त्या माणसाचा हिशोब पंख्याखाली बसून काम करणाऱ्यासारखा नसतो. त्याने भाजीतलं मीठ ठेवावं आणि फक्त रात्रीचं वरचं मीठ, पापड-लोणचं-फरसाण, कमी करावं.

आता झोपण्याबद्दल. आपण उभे किंवा बसलेले असताना डोकं हृदयाच्या वर असतं, त्यामुळे चेहऱ्यातलं रक्त आणि द्रव उताराने खाली येतो. आडवं झाल्यावर हा उतार संपतो. त्यात भर म्हणजे दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत आणि पावलांत जमलेला द्रव, दोन-तीनशे मिलीलिटरपर्यंतही, रात्री वरच्या अंगाकडे सरकतो. कटिंगच्या टेबलापाशी, मागावर, दुकानाच्या काउंटरमागे आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांना हे जास्त लागू पडतं. अशांनी घरी आल्यावर, जेवायच्या आधी, अर्धा तास पाय भिंतीला किंवा खुर्चीवर टेकवून पडावं. पायातला द्रव तेव्हाच रक्तात परततो आणि झोपायच्या आधी लघवीवाटे निघून जातो. रात्री चेहऱ्याकडे सरकायला तेवढा कमी उरतो.

झोपताना डोकं उंच ठेवा, हे सगळे सांगतात. कसं उंच ठेवायचं हे कुणी सांगत नाही आणि तिथेच गडबड होते. लोक दोन जाड उशा डोक्याखाली घेतात. त्याने डोकं वर जातं, पण मान पुढे मोडते, हनुवटी छातीकडे येते, सकाळी मान धरते आणि घोरणं वाढतं. छाती आणि खांदे आडवेच राहिल्यामुळे उतारही नीट मिळत नाही. उंची खांद्याच्या पाठीमागून सुरू झाली पाहिजे.

पलंग असेल तर उशाकडच्या दोन पायांखाली चार ते सहा इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवाव्यात. संपूर्ण पलंगच तिरका होतो, मान सरळ राहते आणि उशी नेहमीचीच वापरता येते. हा सगळ्यांत चांगला मार्ग. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांसाठी आपल्या घरातल्या सोलापुरी चादरी कामाला येतात. जाड विणीच्या चार-पाच चादरी घ्या आणि पायऱ्यांसारख्या रचा : सगळ्यांत खालची चादर लांब घडीची, कमरेच्या वरपर्यंत येणारी, तिच्यावरची थोडी आखूड, वरची आणखी आखूड. हा उतार गादीच्या खाली सरकवायचा. गादीच्या वर ठेवला तर रात्री कूस बदलताना घड्या विस्कटतात. उशाशी एकूण उंची पंधरा ते वीस सेंटिमीटर भरली की पुरे, म्हणजे हाताची वीत उभी धरली तर तिच्यापेक्षा थोडी कमी. जास्त केली तर झोपेत माणूस खाली घसरतो आणि सकाळी गादीच्या मध्यावर सापडतो. तसं झालं तर उंची एक चादर कमी करा.

पालथं झोपणाऱ्यांची सूज सगळ्यांत जास्त असते, कारण पापण्या आणि गाल खालच्या बाजूला येतात. एका कुशीवर झोपणाऱ्यांना एक साधी खूण तपासता येते. उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी पाहा, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त फुगलेला आहे का आणि तो तुमच्या झोपायच्या कुशीकडचाच आहे का. तसं असेल तर झोपण्याच्या बाजूचा हातभार नक्की आहे. उताणं झोपणं चेहऱ्यासाठी चांगलं, पण सगळ्यांसाठी नव्हे. जे मोठ्याने घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांचा त्रास उताणं झोपल्याने वाढतो. त्यांनी तिरक्या गादीवर कुशीवरच झोपावं आणि घोरण्यासाठी डॉक्टरांना दाखवावं. गरोदर बाईनेही शेवटच्या महिन्यांत चेहऱ्याच्या सुजेपायी उताणं झोपू नये, कूसच बरी.

ताईंना मी हे दोन बदल एकदम करायला लावले नाहीत. आधी काही रविवार फक्त जेवण बदललं, मग चादरींचा उतार दिला. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने फरक पडला हे कळलंच नसतं. उतार दिल्यावर सोमवारी सकाळी उठतानाच पापण्या हलक्या वाटू लागल्या, असं त्यांनी सांगितलं. सकाळी सहाला आणि नऊला, एकाच खिडकीपाशी, त्याच उजेडात मोबाईलवर फोटो काढायला मी सांगितलं होतं. आरशात रोज पाहून अंदाज चुकतो, दोन फोटो शेजारी ठेवले की चुकत नाही.

राहिली गार पट्टी. थंडाव्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतून बाहेर झिरपणारा द्रव कमी होतो आणि पट्टीच्या हलक्या दाबाने साचलेला द्रव थोडा पुढे सरकतो. एवढंच तिचं काम. अंगातलं मीठ ती बाहेर काढत नाही, म्हणून रात्रीच्या जेवणाची भरपाई तिच्याने होत नाही. सकाळी लग्नाला, मुलाखतीला, फोटोला जायचं असेल तेव्हा तिचा खरा उपयोग.

पट्टीसाठी आपला सुती टेरी नॅपकिन उत्तम, कारण त्याचे फंदे पाणी धरून ठेवतात आणि थंडावा एकदम कातडीवर न येता हळूहळू येतो. वाडग्यात फ्रिजचं गार पाणी घ्या, हवे तर बर्फाचे तीन-चार खडे टाका, नॅपकिन बुडवून घट्ट पिळा. पाणी ठिबकता कामा नये. चार बोटं रुंदीची घडी करून मिटलेल्या डोळ्यांवर आणि गालाच्या वरच्या भागावर ठेवा. हे करताना बसून राहा, पाठ टेकलेली आणि डोकं सरळ. बरेचजण पट्टी ठेवून पुन्हा आडवे होतात, मग एका हाताने उतरवलेला द्रव दुसऱ्या हाताने परत भरल्यासारखं होतं. दोन-तीन मिनिटांत कापड कोमट होतं, तेव्हा पुन्हा बुडवा. एकूण आठ ते दहा मिनिटं. नंतर बोटांच्या पेरांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर कानाकडे आणि तिथून खाली जबड्याकडे, कातडी ओढली जाणार नाही इतक्या हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. डोळे चोळायचे नाहीत, चोळल्याने पापणी आणखी फुगते.

फ्रिज नसेल तर माठाचं पाणी चालतं. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे माठ चांगला झिरपतो आणि बाहेर रणरणतं ऊन असतानाही आतलं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी गार असतं. फ्रिजच्या पाण्याइतका झटपट असर मिळत नाही, पण कापड दर मिनिटाला भिजवलं तर फरक दिसतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं नळाला येणारं पाणी मात्र उपयोगाचं नाही, ते सकाळीही कोमट असतं.

बर्फाचा खडा थेट पापणीवर फिरवू नका. तिथली कातडी इतकी पातळ आहे की काही मिनिटांत ती भाजल्यासारखी लाल होऊन दुखते. कातडी बधिर किंवा पांढरट वाटू लागली तर पट्टी लगेच काढायची. फार वेळ ठेवली तर आकसलेल्या वाहिन्या उलट जास्त उघडतात आणि चेहरा लाल दिसतो. हल्ली बर्फाच्या पाण्यात पूर्ण चेहरा बुडवण्याचे व्हिडिओ फिरतात. चेहऱ्यावर एकदम थंडगार पाणी आलं आणि श्वास रोखला गेला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची जन्मजात प्रतिक्रिया आहे. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे किंवा चक्कर येते त्यांनी हा प्रयोग करू नये. मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यावर पट्टीही नको. गारव्याने अंगावर गांधी उठणाऱ्यांनीही टाळावी.

हे सगळं नीट करूनही काही चेहऱ्यांवर फरक पडत नाही, कारण ती पाण्याची सूज नसतेच. वय वाढतं तशी डोळ्याभोवतीची चरबी पुढे सरकते आणि खालच्या पापणीत पिशवीसारखी दिसते. काही घराण्यांत ती तरुणपणीच असते. ओळखायची खूण अशी : डोकं न हलवता फक्त नजर वर, छताकडे न्या. चरबीची पिशवी आणखी उठून दिसते, पाण्याच्या सुजेत तसा फरक पडत नाही. शिवाय ती संध्याकाळीही तेवढीच असते. तिच्यावर मीठ, उशी, पट्टी यांचा इलाज नाही. डोळ्यांना खाज, लाली, शिंका असतील तर ती ॲलर्जी. कापसाच्या तंतूंत काम करणाऱ्यांना, किंवा काजळाचा ब्रँड बदलल्यावर ती होते, आणि तिचा उपचार वेगळा आहे.

सूज दिवसभर राहत असेल, दाबली तर खड्डा पडत नसेल, सोबत थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, थंडी सहन न होणं असेल, तर थायरॉइडसाठी टीएसएच तपासावा. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांतल्या अनेक गोळ्या किडनीला मीठ धरून ठेवायला लावतात, मग ताटातलं मीठ कितीही कमी केलं तरी चेहरा फुगतो. स्टेरॉइडनेही चेहरा गोल होतो, पण ती गोळी मनाने एकदम थांबवायची नसते.

सगळ्यांत जास्त लक्ष किडनीकडे द्यायला हवं, कारण तिच्या काही आजारांची पहिली खूण नेमकी सकाळची डोळ्यांभोवतीची सूज हीच असते. लघवीवर साबणासारखा फेस येऊन तो बराच वेळ टिकणं, लघवी कमी होणं किंवा चहासारखी गडद होणं, संध्याकाळी पावलं सुजणं, वजन रोज चढतच जाणं, यांतलं काहीही सोबत असेल तर घरचे उपाय करत बसू नका. लहान मुलाचे डोळे काही दिवस सलग सकाळी फुगत असतील तर मुलाने मीठ जास्त खाल्लं असेल असं गृहीत न धरता त्याची लघवी तपासून घ्या, विशेषतः दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखून गेला असेल किंवा अंगावर फोड येऊन गेले असतील तर. गरोदरपणात चेहरा अचानक सुजला आणि डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकच डोळा लाल होऊन सुजला, दुखतोय आणि ताप आहे, तरीही तसंच. ओठ-जीभ सुजून श्वास लागत असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही.

लघवीतल्या प्रथिनांची तपासणी कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते आणि फार खर्चाची नाही. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली, लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीत घ्यावी आणि तासाभरात पोचवावी. बायकांनी पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये, रक्त मिसळून निकाल चुकतो. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराचे सकाळचे वजनाचे आकडे, सहाचे आणि नऊचे फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत.